केबल-पुली आणि फ्लाय-बाय-वायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विमानांच्या देखभालीत काम करतो. सुरुवातीची वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये केबलवाल्या बोइंग 737 वर गेली, पुढची एअरबस ए320 वर. लग्नाकार्यात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर लोक जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. फ्लाय-बाय-वायरसाठी, म्हणजे वैमानिकाचा हात आणि झडप यांच्या मध्ये संगणक असलेल्या पद्धतीसाठी, उदाहरण म्हणून ए320 च घेतलं आहे. पुण्याहून दिल्लीला किंवा मुंबईहून गोव्याला जाताना तुम्ही बहुधा त्याच घराण्यातल्या विमानात बसलेले असता.

केबलच्या विमानात वैमानिकाने योक ओढला की नेमकं काय होतं?

चार आसनी सेसना डोळ्यांसमोर आणा. योक, म्हणजे ते अर्धवट स्टिअरिंगसारखं दिसणारं हँडल, मागे ओढलं की त्याला जोडलेली पोलादी केबल ओढली जाते. ती केबिनच्या तळाखालून, पुलींवरून वळणं घेत शेपटीपर्यंत जाते आणि तिथली आडवी झडप वर उचलते. या झडपेला एलेव्हेटर म्हणतात. ती वर झाली की शेपूट दबते आणि नाक वर येतं. रहाटाचा दोर ओढला की पोहरा वर येतो, तितकाच सरळ मामला. फरक एवढाच, की केबल ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक झडपेला केबलची जोडी लागते, एक या दिशेला ओढणारी आणि एक त्या दिशेला.

या जोडणीत दोन्हीकडून बोलणं चालतं. वेग वाढला की झडपेवर हवेचा दाब वाढतो आणि योक हाताला जड लागतो. पंखाच्या मागच्या कडेला असलेलं एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलंडवणारी झडप, जमिनीवर उभं राहून हाताने उचललं, तर आत कॉकपिटमध्ये योक आपोआप वळतो. नवीन पोरांना मी हे आवर्जून करून दाखवतो.

737 मध्येही केबल आहेत, पण इतकी मोठी झडप माणसाच्या जोरावर हलवणं अवघड. म्हणून तिथे केबल हायड्रॉलिक युनिटचा व्हॉल्व्ह उघडते आणि जोर तेलाच्या दाबाचा लागतो. मग हाताला हवेचा दाब कळणार कसा? त्यासाठी वेगाप्रमाणे योक जड करणारं एक वेगळं यंत्र बसवावं लागतं. हायड्रॉलिक गेलं तरी केबल असतेच. दोघांनी मिळून जोर लावला तर विमान उडवता येतं, पण घाम निघतो.

केबल तुटतात का?

तुटायच्या आधी त्या सांगतात, ऐकणारा हवा. विमानाची केबल बारीक तारांचे पीळ एकत्र वळून केलेली असते. ती झिजते तेव्हा आधी एकेक तार तुटते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तपासणीची पद्धत अगदी गावठी आहे. सुती फडकं केबलभोवती धरायचं आणि लांबीभर फिरवायचं. तुटलेली तार असली की फडक्याचा धागा अडकतो. आमच्या सीनियरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, उघड्या हाताने फिरवशील तर तार बोटात जाईल. मी दुसऱ्या दिवशी विसरलो, आणि मग आयुष्यात विसरलो नाही.

जास्त लक्ष द्यायचं ते पुलीखालच्या भागाकडे, कारण तिथे केबल रोज त्याच जागी वाकते. दुसरी जागा टॉयलेट आणि गॅलीखालची, कारण गळणारं पाणी, चहा, कॉफी सगळं तिथेच मुरतं आणि गंज धरतो. शिवाय ताण मोजायचा. विमानाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि केबल पोलादाची. उन्हात अंग जास्त प्रसरण पावतं, केबल कमी, म्हणून ताण वाढतो. थंडीत उलट. त्यामुळे ताण मोजताना तापमान लिहावंच लागतं आणि पुस्तकातल्या तक्त्याशी जुळवावं लागतं. कमी-जास्त असेल तर टर्नबकल फिरवायचा आणि तो सुटू नये म्हणून लॉकवायर बांधायची. एका विमानाचं काम संपेपर्यंत पाठ धरते.

म्हणजे फ्लाय-बाय-वायर म्हणजे केबलच्या जागी विजेची वायर, एवढंच ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. वायर हा त्यातला किरकोळ भाग. खरा बदल वैमानिकाच्या हाताचा अर्थ बदलला हा आहे.

केबलच्या विमानात हात झडपेचा कोन ठरवतो. योक अमुक इतका ओढला की झडप तमुक इतकी वर. मग विमान किती वळेल, हे वेग, वजन आणि हवा यांच्यावर अवलंबून. तो हिशोब वैमानिक डोक्यात आणि मनगटात ठेवतो.

ए320 मध्ये वैमानिकाच्या बाजूला एक छोटी साइडस्टिक असते. ती मागे ओढली की संगणकाला कळतं, ‘याला विमान इतक्या जोराने वर वळवून हवं आहे.’ ती बाजूला झुकवली की अर्थ होतो, ‘इतक्या अंश प्रति सेकंद गतीने कलंड.’ झडप किती हलवायची ते संगणक ठरवतो. विमान प्रत्यक्षात काय करतंय हे सेन्सरवरून बघतो आणि मागितलेलं मिळेपर्यंत झडप हलवत राहतो. हवेत एखादा झोका बसला तर वैमानिकाने काही करण्याआधीच झडप किंचित हललेली असते.

वळण घेताना हा फरक लगेच जाणवतो. केबलच्या विमानात 25 अंश कलंडून वळताना नाक खाली जायला बघतं, म्हणून योक थोडा मागे धरून ठेवावा लागतो. ए320 मध्ये 25 अंशांवर स्टिक सोडून द्या, विमान त्याच कलात आणि त्याच उंचीवर वळत राहतं. शेपटी अशी लावून ठेवणारं, की नाक हात न लावता जागेवर राहावं, ते ट्रिमचं चाकही आपोआप फिरतं. जुन्या विमानांवरून आलेल्या वैमानिकांना सुरुवातीला हे विचित्र वाटतं. हात सतत काहीतरी दुरुस्त करायला जातो आणि दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं.

एक संगणक बंद पडला तर?

काही होत नाही, बहुतेक वेळा प्रवाशांना कळतही नाही. ए320 मध्ये या कामाचे सात संगणक आहेत. दोन एलेव्हेटर-एलेरॉनचे, तीन स्पॉयलर-एलेव्हेटरचे, आणि दोन मुख्यतः रडरचं काम बघणारे. स्पॉयलर म्हणजे पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या, आणि रडर म्हणजे शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी झडप. नावांवरून लक्षात येईल की एलेव्हेटर दोन वेगवेगळ्या जातींच्या संगणकांकडे आहे. ते मुद्दाम केलेलं आहे. या दोन जातींचे प्रोसेसर वेगळे आहेत आणि त्यांचे प्रोग्रॅम वेगळ्या गटांनी लिहिलेले आहेत. एकाच प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर त्याच्या दहा प्रती ठेवून उपयोग नसतो, दहाही एकाच क्षणी चुकतील.

शिवाय प्रत्येक संगणकाच्या आत दोन भाग असतात. एक हुकूम देतो, दुसरा तोच हिशोब स्वतः करून पहिल्यावर लक्ष ठेवतो. दोघांचं जमलं नाही की तो संगणक बाजूला होतो आणि पुढचा काम उचलतो.

आणि सगळी वीजच गेली तर?

दोन इंजिनांचे दोन जनरेटर, शेपटीतलं एपीयू नावाचं छोटं इंजिन, वाऱ्यावर फिरणारं आणीबाणीचं टर्बाइन आणि शेवटी बॅटरी, एवढं सगळं आधी जावं लागेल. तरीही गेलंच, तर गंमत अशी की ए320 मध्ये केबल आहेत. रडरचे पेडल आणि मधलं ट्रिमचं चाक यांना यांत्रिक जोडणी ठेवलेली आहे. हायड्रॉलिक चालू असेल तर त्या दोन गोष्टींवर विमान सरळ आणि समतल धरता येतं. हे विमानतळावर उतरण्यासाठी नाही, संगणक पुन्हा जागे होईपर्यंत वेळ काढण्यासाठी आहे.

वायरचा एक मोठा फायदा इथेच सांगतो. 3 मार्च 1974 ला पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सचं डीसी-10 पडलं. मालाच्या कप्प्याचं दार उडालं, दाब गेला, केबिनची जमीन खाली दबली आणि तिच्याखालून शेपटीकडे जाणारी नियंत्रणं तुटली. 346 माणसं गेली. केबलला शक्यतो सरळ रस्ता लागतो, म्हणून त्या एकत्र जातात. वायर कुठूनही नेता येते. म्हणून एकाच झडपेच्या वायर वेगवेगळ्या वाटांनी नेतात.

यातली संरक्षणं म्हणजे नेमकं काय?

संगणक वैमानिकाची मागणी ऐकतो, पण काही मर्यादांच्या आतच पुरी करतो. ए320 मध्ये अशा मर्यादा अनेक आहेत. नाक 30 अंशांपेक्षा वर किंवा 15 अंशांपेक्षा खाली जाऊ देत नाही. कमाल वेग ओलांडला तर नाक हळूच वर घेतो. विमानावरचा भार, फ्लॅप आत असताना, 2.5 जीच्या, म्हणजे वजनाच्या अडीचपटीच्या, वर जाऊ देत नाही. कितीही स्टिक दाबली तरी 67 अंशांपलीकडे कलंडू देत नाही. हा 67 चा आकडा उगाच नाही. उंची न सोडता 67 अंशांत वळायचं तर भार साधारण 2.5 जीच येतो, म्हणजे दोन्ही मर्यादा एकाच जागी भेटतात. 33 अंशांच्या पुढे गेल्यावर स्टिक सोडली तर विमान स्वतःच 33 वर परत येतं.

पण खरं महत्त्वाचं संरक्षण स्टॉलचं. बाकीच्यांवर वेळ न घालवता त्याच्याकडे येतो.

पंख समोरच्या वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. कामावर आम्ही नुसतं ‘अल्फा’ म्हणतो. चालत्या गाडीच्या खिडकीतून हात आडवा बाहेर काढा आणि पुढची कड हळूहळू वर करा. हात वर उचलला जातो. एका मर्यादेनंतर मात्र उचल एकदम जाते आणि हात नुसता मागे फेकला जातो. तोच स्टॉल. वेग कमी म्हणून स्टॉल होतो असं आपण बोलतो, पण कारण नेहमी कोन असतो. वेग घटला की तेवढंच वजन उचलायला कोन वाढवावा लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी बरोबर दिसतात.

केबलच्या विमानात स्टॉल जवळ आला की इशारा मिळतो. सेसनात भोंगा वाजतो, 737 मध्ये योक थरथरतो. पुढचं वैमानिकाच्या हातात. त्याने घाबरून योक ओढतच ठेवला तर विमान ओढू देतं आणि पडतं.

ए320 मध्ये अल्फा एका ठरावीक हद्दीला पोचला, तिला अल्फा-प्रोट म्हणतात, की स्टिकचा अर्थ पुन्हा एकदा बदलतो. आता ती ‘किती जोराने वळू’ असं विचारत नाही, थेट कोन मागते. स्टिक सोडली तर विमान अल्फा-प्रोटवर थांबतं. पूर्ण मागे ओढली तर अल्फा-मॅक्सपर्यंत जातं, आणि तो स्टॉलच्या थोडा अलीकडे ठेवलेला आहे. त्यापुढे नाही. या दोघांच्या दरम्यान अल्फा-फ्लोअर नावाची हद्द आहे. ती ओलांडली की इंजिनांना पूर्ण ताकद लावायचा हुकूम आपोआप जातो, थ्रस्टचे लिव्हर कुठेही असोत.

म्हणजे समोर अचानक डोंगर दिसला तर वैमानिक स्टिक पोटापर्यंत ओढून तशीच धरू शकतो. विमान जास्तीत जास्त जितकं चढू शकतं तितकं चढेल आणि स्टॉल होणार नाही. केबलच्या विमानात तेच करताना थरथरत्या योकशी खेळत, स्टॉलच्या काठावर राहण्याची कसरत हाताने करावी लागते.

हडसन नदीवर उतरलेलं विमान याच संरक्षणामुळे वाचलं का?

काही अंशी, आणि तो अंश समजून घेण्यासारखा आहे. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कहून निघालेल्या ए320 च्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले. कॅप्टन सलनबर्गर यांनी फार लवकर एपीयू चालू केलं. त्यामुळे वीज टिकली आणि संगणकांची पूर्ण संरक्षणं शेवटपर्यंत शाबूत राहिली.

पाण्यावर येताना वेग हवा त्यापेक्षा कमी झाला होता. अमेरिकेच्या चौकशीत दिसलं, की शेवटच्या 150 फुटांत अल्फा संरक्षण चालू झालं होतं. कॅप्टननी स्टिक मागे ओढली, पण नाक त्यांनी मागितलं तेवढं वर आलं नाही, कारण विमान खालीवर हेलकावू नये म्हणून संगणकाने ती मागणी थोडी सौम्य केली. नाक साधारण साडेनऊ अंश वर असताना विमान पाण्याला टेकलं. सगळे 155 जण वाचले.

म्हणून ‘संगणकाने वाचवलं’ असंही नाही आणि ‘संगणक आडवा आला’ असंही नाही. इतक्या कमी वेगात, इतक्या खाली, केबलच्या विमानातला वैमानिक स्टॉलची काळजी आणि पाण्याचा अंदाज दोन्ही एकाच वेळी करत बसला असता. इथे पहिली काळजी विमानाकडे होती. त्याची किंमत म्हणून शेवटचा थोडा कोन मिळाला नाही.

मग 1990 मध्ये बेंगळुरूला काय झालं होतं?

मुंबईहून बेंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए320, 14 फेब्रुवारी 1990. विमान तेव्हा नवंकोरं होतं. उतरताना इंजिनं आयडलला, म्हणजे कमीत कमी ताकदीवर, होती आणि जी उतरण्याची पद्धत निवडलेली होती तिच्यात ती आयडललाच राहतात. वेग घटत गेला, उंची घटत गेली, आणि हे वेळेत लक्षात आलं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे पडलं. 146 पैकी 92 जण गेले.

या विमानाला स्टॉल झाला नाही. संरक्षणाने आपलं काम केलं, इंजिनांना पूर्ण ताकदीचा हुकूमही गेला. पण आयडलला असलेल्या जेट इंजिनाला ताकद धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची खाली उरलेलीच नव्हती. अल्फा-फ्लोअर स्टॉलपासून वाचवतो. खाली जमीन आहे, हे त्याच्या हिशोबात नसतं. त्या काळात आपल्याकडे ‘संगणकाचं विमान पडलं’ अशीच चर्चा झाली, आणि मुंबईत आमच्या वयाच्या बऱ्याच लोकांच्या मनात ए320 बद्दलची भीती तिथूनच बसली.

संरक्षणच चुकलं तर? ते वैमानिकाशी भांडत नाही का?

भांडू शकतं. 5 नोव्हेंबर 2014 ची घटना यासाठी सर्वांत चांगलं उदाहरण आहे. लुफ्तान्झाचं ए321, म्हणजे ए320 चाच लांब भाऊ, बिल्बाओहून म्युनिकला निघालं होतं. आत 109 माणसं.

अल्फा मोजायला विमानाच्या नाकाजवळ बाहेरच्या बाजूला तीन छोटी पाती असतात, वाऱ्याच्या दिशेने फिरणारी. तिन्हींतलं एक वेगळं बोललं तर संगणक बाकी दोघांचं ऐकतो आणि तिसऱ्याला बाजूला काढतो. त्या दिवशी चढताना दोन पाती एकाच सुमाराला, जवळजवळ एकाच कोनात, गोठली. तिसरं बरोबर होतं. मतदानात दोन विरुद्ध एक, आणि खरं बोलणारा हरला.

लगेच काही झालं नाही, कारण गोठलेला कोन तेव्हा ठीकच होता. पण अल्फा-प्रोटची हद्द स्थिर नसते. विमान वर जाऊन ध्वनीच्या वेगाच्या जवळ सरकू लागलं की पंख कमी कोनातच स्टॉल होतो, म्हणून संगणक हद्द खाली आणतो. पाती हलत नव्हती आणि हद्द खाली सरकत होती. सुमारे 31,000 फुटांवर दोन्हींची गाठ पडली. संगणकाच्या मते विमान स्टॉलच्या काठावर होतं. त्याने नाक खाली घातलं.

वैमानिकाने स्टिक मागे ओढली तरी नाक काही वेळ खालीच राहिलं. विमान सुमारे 4,000 फूट खाली गेल्यावर 27,000 फुटांवर सावरलं, तेही स्टिक सतत मागे ओढून धरल्यावर. सोडली की पुन्हा नाक खाली. उपाय उलट्या दिशेने काढावा लागला. जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी संदेशांवर बोलून त्यांनी हवेची माहिती देणारं एक युनिट मुद्दाम बंद केलं. उरलेल्यांचं आपसात जमेना, संगणकाने ‘माझा भरवसा उरला नाही’ म्हणून संरक्षण सोडलं आणि स्टिक पुन्हा वैमानिकाची झाली. विमान म्युनिकला नीट उतरलं. त्यानंतर साधारण महिन्याभरात युरोपच्या नियामकाने तातडीचा आदेश काढून याच वाटेचं पाऊल सगळ्या वैमानिकांना लेखी दिलं. असं झालं तर दोन युनिट बंद करा.

म्हणजे संरक्षण बंद करायचं एखादं बटण आहे?

तसं एक बटण नाही. माहिती किंवा संगणक कमी पडले की विमान स्वतःच पायऱ्या उतरतं. सगळं ठीक असतं तेव्हा नॉर्मल लॉ. काही बिघडलं की ऑल्टरनेट लॉ, ज्यात मुख्य संरक्षणं जातात किंवा कमी होतात. अजून खाली डायरेक्ट लॉ, ज्यात स्टिक आणि झडप यांचं नातं जवळजवळ केबलसारखं सरळ होतं.

इथला धोका वैमानिकाच्या सवयीत आहे. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सच्या ए330 मध्ये वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमला, वेगाची माहिती गेली आणि विमान ऑल्टरनेट लॉमध्ये आलं. आता ते स्टॉल होऊ शकत होतं आणि तसा इशारा ओरडून सांगितलाही जात होता. तरी स्टिक मागे ओढली गेली. साडेचार मिनिटांच्या आत ते अटलांटिकमध्ये पडलं. 228 जण गेले. ‘हे विमान स्टॉल होत नाही’ या वाक्याला कायम एक अट जोडलेली असते, आणि ती अट ताणाच्या क्षणी आठवावी लागते.

737 मॅक्सचे अपघात फ्लाय-बाय-वायरमुळे झाले ना?

नाही, आणि हे मला प्रत्येक वेळी दोनदा सांगावं लागतं. मॅक्सचे एलेव्हेटर आणि एलेरॉन जुन्या 737 सारखे केबलनेच चालतात. तिथे भर म्हणून एमकॅस नावाचा प्रोग्रॅम घातला होता, जो अल्फा जास्त दिसला की शेपटीचं ट्रिम फिरवून नाक खाली करायचा. तो एका वेळी एकाच पात्याचं ऐकायचा. तीन पाती, मतदान, हुकूम देणारा आणि लक्ष ठेवणारा अशी जोडी, ए320 ची ही सगळी शिस्त तिथे नव्हती. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 च्या दोन अपघातांत मिळून 346 माणसं गेली. ट्रिम हाताने परत फिरवायचं चाक होतं आणि ते केबलवरच होतं, पण मोठ्या वेगात शेपटीवर इतका दाब येतो की ते चाक माणसाला फिरवता येणं महाकठीण.

बिल्बाओ आणि मॅक्स शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे पातं खोटं बोललं. एकीकडे खोटं खपायला दोन पाती लागली, दुसरीकडे एकच पुरलं.

बोइंगही फ्लाय-बाय-वायर करतं का?

777 पासून करतं. पण त्यांनी योक ठेवला, आणि संरक्षण म्हणजे भिंत न घालता उतार केला. स्टॉलकडे ओढत नेलं तर योक अधिकाधिक जड होतो, मात्र जोर लावणाऱ्याला पलीकडे जाऊ देतो. कोणतं बरं, यावर वैमानिकांची जेवणं थंड होतात. माझं मत विचाराल तर घाबरलेल्या माणसासाठी भिंत बरी.

ए320 मध्ये दोघांनी दोन दिशांना स्टिक दाबली तर?

दोन्ही मागण्यांची बेरीज होते. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, तर उत्तर शून्य. दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणून शेजारचा काय करतोय ते हाताला कळत नाही. योकमध्ये ते लगेच कळतं, आणि ही केबलची खरी बाजू आहे. ए320 मध्ये ‘ड्युअल इनपुट’ असा आवाज येतो आणि स्टिकवरचं लाल बटण दाबून धरणाऱ्याकडे एकट्याकडे ताबा येतो.

देखभालीत कोणतं सोपं?

पाठीला विचाराल तर फ्लाय-बाय-वायर. फडकं आणि टर्नबकल यांचं काम फारच कमी, बिघाड स्क्रीनवर वाचायचा आणि बॉक्स बदलायचा. पण माणसाने करायची सगळ्यात जुनी चूक, उलट जोडणं, दोन्हीकडे शिल्लक आहे.

11 नोव्हेंबर 2018 ला पोर्तुगालमध्ये मोठी तपासणी संपवून एअर अस्तानाचं एम्ब्रेअर 190 उडालं. या विमानात एलेव्हेटर आणि रडर वायरवर आहेत, एलेरॉन मात्र केबलवर. केबल चुकीच्या वाटेने ओवल्या गेल्या होत्या आणि एलेरॉन उलटे चालत होते. उजवीकडे योक, डावीकडे विमान. आत सहा जण होते. समुद्रात उतरवायची तयारीही वैमानिकांनी दाखवली होती. शेवटी लढाऊ विमानांच्या सोबतीने, तिसऱ्या प्रयत्नात ते पोर्तुगालमधल्याच बेजाच्या हवाई तळावर उतरलं.

त्याच्या सतरा वर्षं आधी, मार्च 2001 मध्ये, फ्रँकफर्टला लुफ्तान्झाच्या ए320 मध्ये संगणकाच्या जोडणीची दुरुस्ती करताना कॅप्टनच्या स्टिकच्या वायर उलट्या लागल्या. उड्डाणाच्या क्षणी डावा पंख खाली गेला, कॅप्टननी उजवीकडे स्टिक दाबली आणि पंख अजून खाली गेला. कल 22 अंशांपर्यंत वाढला आणि पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं. सहवैमानिकाच्या स्टिकच्या वायर बरोबर होत्या. त्याने ताबा घेतला.

दोन्ही वेळा उड्डाणाआधीची तपासणी झाली होती. स्टिक हलवली, झडप हलली, ठीक. कोणत्या दिशेला हलली, एवढंच पाहायचं राहिलं. आता माझ्याकडे काम शिकणाऱ्याला मी ‘हलते का?’ असं विचारत नाही. ‘उजवीकडची वर गेली की खाली?’ असं विचारतो, आणि उत्तर स्क्रीनकडे बघून नाही, बाहेर पंखाखाली उभं राहून द्यायला लावतो.

प्रवाशाला यातलं काही दिसू शकतं का?

पंखाच्या मागची खिडकीची जागा घ्या. गेटवरून निघाल्यावर, टॅक्सी करताना, पंखाच्या मागच्या कडेची एलेरॉन एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली जाईल, आणि वर जाताना पंखावरचे काही स्पॉयलरही उभे राहतील. ती हीच तपासणी चालू असते.

आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआर, म्हणजे पंखे असलेलं छोटं प्रवासी विमान, उभं दिसलं तर लक्षात ठेवा, त्याच्या एलेरॉनना हात आणि दोर यांचीच जोडणी आहे, म्हणून उभं असताना वाऱ्याने आपटू नये यासाठी कॉकपिटमधून लॉक घालतात. रात्रभर उभ्या असलेल्या ए320 चे एलेरॉन मात्र हायड्रॉलिकचा दाब उतरला की दोन्हीकडे सुस्त लोंबतात. सकाळी पहिला पंप सुरू झाला की अंगाला आळोखे दिल्यासारखे वर येऊन सरळ होतात.